"सगळं समजतं, फक्त बोलत नाही": मग खरं कुणाचं धरायचं?

सप्तपर्णी

नमस्कार मंडळी. ऐरोलीतल्या एका छोट्या सेंटरवर माझी स्पीच थेरपीची इंटर्नशिप चालू आहे. एका मुलाच्या तपासणीत अडकले आहे. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

मुलगा ३ वर्षं ५ महिन्यांचा. घरी मराठी, दुपारी सांभाळणाऱ्या मावशी हिंदी बोलतात, नर्सरी इंग्रजी माध्यमाची. तक्रार एकच, बोलत नाही.

आईशी अर्धा तास बोलले. तिचं म्हणणं, "त्याला सगळं समजतं, फक्त बोलत नाही. पन्नास-साठ शब्द येतात." मग रील्स ही समज आणि बोलणं किती महिन्यांच्या पातळीवर आहे ते दाखवणारी मोजपट्टी भरली. समज ३३-३६ महिने आली, बोलणं २०-२२ महिने. त्यानंतर वीस मिनिटं खेळताना पाहिला. त्यात तो एकूण ११ वेळा बोलला, तेही सुटे शब्द. "बॉल टोपलीत टाक" म्हटलं तर बॉल हातात घेऊन माझ्याकडे बघत बसला.

तिन्हींचा मेळ बसत नाही. पालकांना एकच सेशन परवडतं, ४५ मिनिटांचं. पुढच्या वेळी अशी केस आली तर निरीक्षण, मुलाखत की प्रमाणित चाचणी, भर कशावर द्यायचा? आणि या मुलाच्या रिपोर्टात काय लिहू?

घंटाळी_काका

साडेतीन म्हणजे लहानच हो. आमच्या घराण्यात सगळे पुरुष चौथ्या वर्षी बोलले आणि त्यानंतर थांबलेच नाहीत. टेस्ट कसल्या करताय, आजीकडे पाठवा महिनाभर.

ठोकताळा

काका 😄

सप्तपर्णी, एवढा गोंधळ कशाला? आई सांगते ते मत, तू पाहतेस तेही मतच. रील्सचा मात्र आकडा येतो. समज ३३-३६ म्हणजे जवळपास वयाएवढी, बोलणं २०-२२ म्हणजे मागे. "समज ठीक, फक्त अभिव्यक्तीत विलंब" असं लिही आणि थेरपी सुरू कर. शाळा आणि डॉक्टर दोघंही आकडाच मागतात. मी मानसशास्त्राच्या बाजूचा आहे. आकड्याशिवायचा रिपोर्ट कुणी दुसऱ्यांदा वाचत नाही.

वाचाळ_वीणा

ठोकताळा, आकडा हवा हे कबूल. पण हा आकडा कुठून आला ते बघा.

रील्स मुलाला बसवून घेतली जाणारी चाचणी नाही, ती पालकांना विचारून भरतात. म्हणजे सप्तपर्णीने आईची मुलाखत घेतली, आणि मग त्याच आईची छापील प्रश्नांवरून पुन्हा मुलाखत घेतली. साक्षीदार एकच, साक्ष दोनदा. दोन्हीकडे "समज चांगली" आली यात नवल नाही, आणि त्याने काही सिद्धही होत नाही.

दुसरं, रील्सची पट्टी ३६ महिन्यांना संपते. मुलगा ४१ महिन्यांचा आहे. ३३-३६ हा शेवटचा खण. तिथे पोचला म्हणजे समज वयाएवढी झाली असं नाही, पट्टी संपली एवढंच. पाच फुटी दारातून वाकून गेलेल्या माणसाची उंची पाच फूट लिहिण्यासारखं आहे ते.

काका, तुमच्या घराण्याबद्दल आदर आहे. दोन वर्षांचं मूल पन्नास शब्दांच्या आत असेल, दोन शब्द जोडत नसेल, पण समज आणि खेळ चांगला असेल, तर बरीचशी मुलं पुढे गाठतात हे खरं. समजही मागे असेल तर तो भरवसा कमी होतो. म्हणून या केसमध्ये खरा प्रश्न बोलण्याचा नाहीच, समजण्याचा आहे. आणि तिघांपैकी नेमकं तेच कुणी नीट तपासलेलं नाही.

घंटाळी_काका

म्हणजे आई खोटं बोलते म्हणता?

वाचाळ_वीणा

अजिबात नाही. आई बघते तेच सांगते. फक्त ती जे बघते त्यात शब्दांबरोबर इतर बरंच काही मिसळलेलं असतं.

सप्तपर्णी, रील्समध्ये दोन टप्प्यांच्या सूचनेला आईने "हो" म्हटलं असणार. उदाहरण काय दिलं होतं?

सप्तपर्णी

आत्ता नोंदवही बघितली. "बाहेरून आलो की 'बूट काढ आणि रॅकवर ठेव' म्हटलं की बरोब्बर ठेवतो." मी लगेच टिक केली.

वाचाळ_वीणा

तिथेच घसरलं. दार उघडलंय, पायात बूट आहेत, समोर रॅक आहे, बाबाही बूट काढतायत, आणि हे रोजचं आहे. आई त्या क्षणी "कांदे काप आणि झोपाळ्यावर ठेव" म्हणाली असती तरी त्याने बूट रॅकवरच ठेवले असते.

हेच वाक्य दुपारी तीन वाजता, सोफ्यावर बसून, हात मांडीवर ठेवून, रॅककडे न बघता म्हणायला सांग: "बूट फ्रिजवर ठेव." मूल हसून फ्रिजकडे गेलं तर शब्द कळले. बूट उचलून रॅककडे गेलं तर "बूट" कळलं, बाकीचं सवयीने भरलं. नुसतं आईच्या तोंडाकडे बघत राहिलं, तर तुला बॉल-टोपलीच्या वेळी दिसलं तेच.

पारसिक_पायथा

बालवाडीत हे रोज दिसतं. "सगळ्यांनी डबे काढा" म्हटलं की असं मूलही डबा काढतं. बाईंना वाटतं समजलं. नीट पाहिलं तर ते दोन सेकंद उशिरा काढतं, शेजारच्याचा हात दप्तरात गेल्यावर. आम्ही दहा मिनिटांत एवढंच मोजतो: वर्गाला दिलेली सूचना किती वेळा आधी पाळली आणि किती वेळा दुसऱ्याचं बघून. मग एकदा त्यालाच रांगेत पहिलं उभं करायचं. बघायला पुढे कुणी नसलं की चित्र बदलतं.

शाळेकडून निरीक्षण मागवायचं असेल तर "वर्गात कसा आहे?" असं विचारू नका. "शांत आहे, गुणी आहे" एवढंच उत्तर येतं. काय मोजायचं ते लिहून द्या.

ऐरोलीची_आई

थोडं विषयांतर, माफ करा. मुलगी २ वर्षं ८ महिन्यांची आहे. एबीसीडी पूर्ण, रंग आठ, इंग्लिश राइम्स चार, आकडे वीसपर्यंत. शंभराच्या वर शब्द होतात. पण पाणी हवं असलं की माझा हात धरून ओढत नेते. हिची कोणती चाचणी करावी?

ठोकताळा

एम-चॅट भरून टाका, स्वमग्नतेची शक्यता तपासणारी यादी आहे. वीस प्रश्न आहेत, दहा मिनिटांचं काम.

वाचाळ_वीणा

एम-चॅट १६ ते ३० महिन्यांसाठी आहे, आणि ही ३२ महिन्यांची. शिवाय ती चाळणी आहे. चाळणीत अडकलं म्हणून निदान होत नाही, आणि वय उलटून गेल्यावर "नाही अडकलं" यालाही अर्थ उरत नाही.

ऐरोलीची आई, शंभर शब्द पाठ आहेत आणि पाणी मागायला एकही नाही. ही नोंद कुठल्याही आकड्यापेक्षा मोलाची आहे. ती तुम्ही न विचारता दिलीत, तपासणाऱ्यालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगा. दोन दिवस एक कागद फ्रिजवर लावा. तिने स्वतःहून जे म्हटलं ते लिहा, आणि पुढे खूण करा: मागायला, दाखवायला, नको म्हणायला, की असंच पुटपुटायला. राइम्स वेगळ्या लिहा. हात धरून नेताना ती तुमच्या चेहऱ्याकडे बघते का, तेही लिहा. कागद घेऊनच बालविकास तज्ज्ञांकडे जा, वाट बघू नका. आणि आधी असलेले शब्द गळून गेले असतील तर ते सगळ्यात आधी सांगा.

ऐरोलीची_आई

चेहऱ्याकडे बघते की नाही हे कधी लक्षातच आलं नव्हतं. लिहिते. धन्यवाद.

मात्रा_वेलांटी

भाषेच्या अंगाने एक मुद्दा. मराठीत "डब्यात" आणि "डब्यावर" यांतला फरक शब्दाच्या शेपटीला असतो. तिच्यावर जोर नसतो, बोलताना ती हलकेच उच्चारली जाते. इंग्रजीत त्या कामाला सुटा शब्द आहे. आपल्याकडे मुलाला "डबा"चं "डब्या" झालेलं ओळखून त्यापुढचं शेपूट पकडावं लागतं. त्यामुळे इंग्रजी चाचणीतले आत-वर-खालीचे प्रश्न मराठीत करून विचारले की प्रश्नाची अवघडता बदलते. मग त्या चाचणीचं "हे इतक्या महिन्यांना येतं" हे कोष्टक लावता येत नाही. प्रश्न वापरा, कोष्टक नको.

"माऊने कुत्र्याला ढकललं" आणि "कुत्र्याने माऊला ढकललं" हे बाहुल्यांनी करून दाखवायला सांगणं छान असतं. पण साडेतीनच्या आतल्या चांगल्या बोलक्या मुलांचंही ते चुकतं. त्यावरून काही ठरवू नका.

ठोकताळा

मग मराठीत प्रमाणित असं काहीच वापरायचं नाही का? हा टोकाचा पवित्रा झाला. नागपूरला मालिन यांनी व्हाइनलँड या चाचणीचं भारतीय रूप केलं, ते आपण वर्षानुवर्षं वापरतोच की.

वाचाळ_वीणा

वापरतो, आणि वापरावंच. पण तेही पालकांना विचारूनच भरतात! आणि ते सामाजिक परिपक्वता मोजतं: स्वतःच्या हाताने जेवतो का, कपडे काढतो का, इतर मुलांत खेळतो का. याच्या जेवण-कपड्यांच्या गोष्टी वयाप्रमाणे आहेत आणि भाषा मागे आहे, हे दाखवायला ते उत्तम. "डब्यात" कळतं का हे त्यातून कळणार नाही.

सप्तपर्णी, समज तपासायला काय करायचं ते लिहिते. खर्च शून्य.

घरातल्या पाच वस्तू घे: चमचा, वाटी, बाहुली, गाडी, झाकणाचा डबा. आधी एकेक मागून घे, नावं माहीत असल्याची खात्री होते. एखादं नाव येत नसेल तर वस्तू बदल, नाहीतर पुढे काय चुकलं ते कळणार नाही. पाचही वस्तू टेबलावर ठेवायच्या. दोनच ठेवल्यास निम्मी उत्तरं नशिबाने बरोबर येतात.

मग दहा वाक्यं. "चमचा डब्यात ठेव", "गाडी वाटीखाली ठेव", "बाहुलीला डब्यावर बसव" अशी, म्हणजे नेहमीच्या सवयीने सुटणार नाहीत. हात मांडीवर, नजर मुलाच्या कपाळावर. हे सगळ्यात अवघड आहे. आपण "डबा" म्हणताना डबा बघतोच, स्वतःचा व्हिडिओ काढल्याशिवाय विश्वास बसत नाही. वाक्य एकदा, लागलंच तर आणखी एकदा, त्याच चालीत. मग आठ-दहा सेकंद गप्प. त्या शांततेत आई हमखास "अरे त्यात टाक ना, त्यात" म्हणत बोट दाखवते. तिला मागच्या खुर्चीवर बसव आणि आधीच सांगून ठेव.

त्या दहाच वाक्यांचा दुसरा फेरा बोट आणि नजरेसकट करायचा, पण नंतर. आधी केलास तर त्याला उत्तरं दाखवल्यासारखं होतं.

नोंद करताना "चूक" हा एकच रकाना ठेवू नकोस. चमचा उचलला पण डब्यावर ठेवला, हे वेगळं. चमचाच उचलला नाही, हे वेगळं. उठून खिडकीकडे गेला तर ते समजेत मोजायचंच नाही, वाक्य नंतर परत घ्यायचं.

आणि कान? तू कुठेच लिहिलं नाहीस.

सप्तपर्णी

जन्मल्यावर हॉस्पिटलात ओएई ही ऐकण्याची चाचणी झाली होती, पास. म्हणून पुढे काही केलं नाही. सर्दी वारंवार होते असं आई म्हणाली होती.

वाचाळ_वीणा

जन्मानंतरची ओएई त्या दिवसाचं सांगते. पुढच्या तीन वर्षांचं नाही. वारंवार सर्दी म्हणजे कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं असू शकतं. दुखत नाही, ताप नाही, हाक मारली तर बघतो. म्हणून घरी कुणाला शंका येत नाही. ऐकू येतं, पण मऊ येतं, आणि कमी-जास्त होत राहतं. ते पाणी शोधणाऱ्या टिम्पॅनोमेट्रीला काही मिनिटं लागतात, झोपवावं लागत नाही. सोबत किती ऐकू येतं ते मोजणारी, खेळातून घेतलेली ऑडिओमेट्रीही करा. बाहेर महाग पडत असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे.

खरं तर हे पहिल्या दिवशीच व्हायला हवं होतं. तिन्ही पद्धतींच्या आधी.

मात्रा_वेलांटी

आणि मऊ ऐकू आलं तर आधी काय निसटणार? शब्दाची शेपटी. "डबा" ऐकू येईल, "-त" आणि "-वर" जातील. वीणाताईंच्या वाक्यांत नेमकं तेच पकडलं जाईल.

वाचाळ_वीणा

शक्यता आहे. पण ती शेपटी भाषेच्या अडचणीमुळेही निसटते, नुसत्या चुकांवरून कान की भाषा हे सांगता येत नाही. कान तपासल्यावरच काय ते.

ठोकताळा

ठीक आहे, समजेचं पटलं. पण मग बोलण्याबाबतही आईवर विश्वास नको ना? ५०-६० शब्द म्हणते, इथे ११.

वाचाळ_वीणा

उलट, तिथे आईवर जास्त विश्वास ठेवा. तोंडातून निघालेला शब्द आईला ऐकू येतो, त्यात अंदाज कमी असतो. फक्त "किती शब्द?" असं विचारू नये, कुणालाच मोजता येत नाही. गटाने विचारायचं: खायच्या वस्तू, माणसं, अंगाचे भाग, आणि क्रियापदं आवर्जून. यादी समोर ठेवून खुणा करायला सांगितलं तर आठवणीवर भार येत नाही. "पाणी" आणि "वॉटर" दोन्ही म्हणत असेल तर दोन्ही लिहा, पण कल्पना एकच धरा. हिंदी शब्द गाळू नका. मावशींना फोन करा, दुपारी तो त्यांच्याकडेच असतो.

आणि त्या ११ वर माझा फारसा भरवसा नाही. अनोळखी खोली, अनोळखी ताई. सप्तपर्णी, खेळताना तू किती प्रश्न विचारलेस?

सप्तपर्णी

रेकॉर्डिंग ऐकलं. लाज वाटली. वीस मिनिटांत ६४ प्रश्न. त्यातले बरेचसे "हे काय आहे?" आणि "कोणता कलर?"

वाचाळ_वीणा

लाजू नकोस, सगळेच करतात. पण "हे काय आहे?"ला मोठं माणूसही एकाच शब्दात उत्तर देईल. सुटे शब्द मुलाचे होते की तुझ्या प्रश्नांचे, हे त्या रेकॉर्डिंगवरून ठरणार नाही. त्याच्या बाजूला बसून त्याच खेळण्याशी तूही खेळ आणि गप्प राहा. घट्ट झाकणाच्या बरणीत आवडीची गाडी ठेवून बरणी त्याच्या हातात दे. आणि घरून जेवणाच्या वेळचा पाच-सात मिनिटांचा व्हिडिओ मागव. मोबाइल भांड्याला टेकवून ठेवायचा, "बोल ना, ताईला दाखव" नको.

पारसिक_पायथा

आणि टीव्ही बंद. नाहीतर व्हिडिओत फक्त मालिकाच ऐकू येते.

सप्तपर्णी *(बारा दिवसांनी)*

उशिरा लिहितेय. आमच्या सरांनी अर्ध्या तासाचं दुसरं सेशन मोफत दिलं.

दहा वाक्यं, बोट-नजर न देता: ४ बरोबर. बोट-नजरेसकट: ९. चुकलेल्या सहांपैकी पाचांत वस्तू बरोबर उचलली, जागा चुकली. पाचही वेळा डब्यातच टाकली, मग "खाली" म्हणा की "वर". म्हणजे बरोबर आलेल्या चारांतली "डब्यात"वाली दोनही कदाचित सवयीचीच असतील.

घरचा व्हिडिओ सात मिनिटांचा. २७ वेळा बोलला, त्यात चार जोड्या: "बाबा आला", "अजून दे", "नको भात", आणि "मी जाते". शेवटचं ऐकून आजी हसतेय. दिवसभर आईचंच ऐकतो ना.

टिम्पॅनोमेट्री दोन्ही कानांची सपाट आली, म्हणजे पडद्यामागे पाणी असण्याची शक्यता आहे. ईएनटींनी औषध देऊन पुन्हा बोलावलंय, ऑडिओमेट्री तेव्हाच.

म्हणजे मुलाखतीत समज फुगली होती आणि माझ्या निरीक्षणात बोलणं आटलं होतं. रिपोर्टात असं लिहिलंय: "संदर्भ व खुणा असताना रोजच्या सूचना पाळतो, केवळ शब्दांवरून स्थानदर्शक सूचनांमध्ये अडचण. घरी दोन शब्दांच्या जोडण्या सुरू. मध्यकर्णाची तपासणी चालू असून त्यानंतर समजेची फेरतपासणी आवश्यक." रील्सचे खण पालकांच्या माहितीवरून भरल्याचं नमूद करून दिले आहेत.

ठोकताळा

चांगलं लिहिलंस. तरी सांगतो, शाळा "म्हणजे नेमका किती महिने मागे?" असं विचारणारच. तेव्हा काय देणार?

वाचाळ_वीणा

मी असते तर समजेचे महिने दिले नसते. कान साफ झाल्यावर त्या ४ चे किती आणि ९ चे किती होतात, ते बघून मग.

ठोकताळा

आणि तोवर थेरपी थांबवायची?

वाचाळ_वीणा

मी थांबवत नाही. जवळ बसून, समोरासमोर, शेपटी ठळक उच्चारून सुरू करते. काही जण कान होईपर्यंत थांबतात, त्यांचंही कारण असतं: सुधारणा कशामुळे झाली ते मग सांगता येत नाही. सप्तपर्णी, तुझ्या सरांना विचार.

घंटाळी_काका

ते "बूट फ्रिजवर ठेव" आमच्या नातवावर करून बघितलं. पहिल्या फटक्यात ठेवले! आता सूनबाई माझ्याशी बोलत नाहीत.

वाचाळ_वीणा

काका, सांगताना फ्रिजकडे बघत होतात का?

घंटाळी_काका

...बोटही दाखवलं होतं.